तीन मिनिटांत आभार कसे मानू?

*ताई, नमस्कार. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा मी नुकतीच पास झाले. आमच्या वर्गाचा छोटा समारंभ आहे आणि मला तीन मिनिटं आभाराचं बोलायला सांगितलंय. मी दोन पानं लिहिली: 'आदरणीय व्यासपीठ, आज यशाचा हा क्षण अनुभवताना माझ्या भावना शब्दांत मांडणं अशक्य आहे...' वाचते तेव्हा मलाच ती दुसऱ्या कुणाची तरी वाटतात. आम्ही चौघं मिळून अभ्यास करायचो. त्यातला एक मोर्समध्ये राहिला आणि तोही समारंभाला येणार आहे. त्याच्यासमोर काय बोलू? आणि कागद बघून बोललं तर चालेल का?*

*ता. क. मोर्सच्या मॅडमनी माझा टिंब-रेघांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात काढून घेतला होता. क्यू आणि वाय मी कितीतरी दिवस उलटसुलट लिहायचे. थिअरीच्या सरांनी आम्हाला छतावर नेऊन अँटेनाची तार कापायला लावली. जो मित्र राहिला तो रोज संध्याकाळी माझ्यासाठी कोड पाठवायचा. हे सगळं भाषणात बसणार नाही, पण तुम्हाला कल्पना यावी म्हणून लिहिलं.*

प्रिय मैत्रिणी,

ती दोन पानं बाजूला ठेव आणि ताजा कलम पुन्हा एकदा वाच. जे बसणार नाही म्हणतेस तेच तुझं भाषण आहे. बाकीचं बसलं नाही तरी कुणाचं काही अडणार नाही.

पानांतली वाक्यं परकी का वाटतात ते आधी बघू, कारण ते कळलं की अर्धं काम होतं. 'अमूल्य मार्गदर्शन लाभलं', 'मोलाचं सहकार्य मिळालं', 'पाठीशी खंबीरपणे उभे राहिले' ही वाक्यं खोटी नसतात. पण त्यांतलं नाव बदलून दुसरं घातलं तरी ती तशीच्या तशी चालतात. मॅडमच्या जागी सर आले, सरांच्या जागी शेजारी आले, तरी वाक्याला धक्का लागत नाही. ज्याचे आभार मानतेस त्यालाही हे ऐकताना कळतं. तो मान हलवतो, हसतो आणि विसरून जातो. आता 'मॅडम, तुम्ही माझा तक्ता काढून घेतलात' हे वाक्य घे. हे दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हणताच येणार नाही. मॅडमना तो दिवस आठवेल, आणि आपण केलेलं या मुलीच्या लक्षात राहिलं हे त्यांना समजेल. आभार पोचतात ते तिथे.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक कर. ज्यांची नावं घ्यायची आहेत ती एकाखाली एक लिही आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाने हाताने, तोंडाने किंवा वेळ काढून नेमकं काय केलं ते एका क्रियापदात लिही. तक्ता काढून घेतला. छतावर नेलं. कोड पाठवला. 'मार्गदर्शन केलं' किंवा 'प्रोत्साहन दिलं' एवढंच सुचत असेल तर ते नाव अजून भाषणात यायला तयार नाही. थोडा वेळ आठव. आठवलं नाही तर त्या माणसाला कार्यक्रमानंतर जाऊन भेट आणि समोरासमोर आभार मान. भाषणात नाव घेऊन काहीच न सांगण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

आता वेळेचा हिशेब. सावकाश, श्वास घेत, समोर बघत बोललीस तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांत फार तर पावणेचारशे. त्यात टाळ्या वाजतील, माइक सरकवावा लागेल, म्हणून अडीचशेच लिही. एवढ्यात एक प्रसंग नीट सांगून होतो, दोन प्रसंग घाईघाईने होतात आणि तीन प्रसंगांची नुसती यादी होते. तेव्हा प्रसंग एकच सांगायचा, आणि बाकीच्या प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं.

तो एक प्रसंग कुठला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मॅडमचा. मॅडम तुला जास्त जवळच्या म्हणून नव्हे. तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी, तक्ता आणि क्यू-वायचा गोंधळ, एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून.

मोर्स शिकताना तक्ता समोर असला की अक्षर कानावर पडल्यावर माणूस आधी टिंबं आणि रेघा मोजतो, मग तक्त्यात शोधतो आणि मग लिहितो. वेग कमी असतो तोवर हे चालून जातं. वेग वाढला की मोजणी पुरी व्हायच्या आत पुढचं अक्षर येऊन थडकतं आणि शिकणारा तिथेच अडकतो. म्हणून जाणते शिक्षक प्रत्येक अक्षर पहिल्यापासून पुऱ्या वेगात ऐकवतात, फक्त दोन अक्षरांमधली जागा लांबवतात. त्यामुळे अक्षर एक अख्खा आवाज म्हणून कानात बसतं, मोजायला फुरसतच मिळत नाही. रेघेला डा म्हणतात, टिंबाला डि. आता क्यू बघ: डा-डा-डि-डा. आणि वाय: डा-डि-डा-डा. एक दुसऱ्याचं नेमकं उलटं आहे. जो मोजतो त्याला दोन्हीकडे तीन रेघा आणि एक टिंबच सापडतं, मग तो चुकणार नाही तर काय होणार? कानाला मात्र ते अगदी वेगळे दोन आवाज आहेत. तू क्यू-वाय उलटे लिहीत होतीस कारण तू अजून मनातल्या मनात मोजत होतीस. मॅडमनी तक्ता काढून घेतला तो याच रोगावर. हा धागा भाषणात एकदा सांगितलास की मॅडमनी काय केलं आणि का केलं हे ज्याने आयुष्यात मोर्स ऐकलं नाही त्यालाही कळेल.

शिवाय भाषण ही ऐकायची गोष्ट आहे आणि तुझ्याकडे ऐकवण्यासारखं काहीतरी आहे. उभी राहिलीस की 'आदरणीय व्यासपीठ' नको. साधं संबोधन कर आणि लगेच तोंडाने ती दोन अक्षरं म्हण. मोबाइलवरून वाजवू नकोस, माइकसमोर मोबाइल धरण्यात मिनिट जातं आणि ऐनवेळी वाजत नाही. तुझ्याच आवाजात म्हण. वर्गातल्यांचे कान क्षणात टवकारतील आणि घरची माणसं उत्सुकतेने बघतील.

मित्राचा प्रश्न तू ओघात विचारलास, पण मला वाटतं त्यासाठीच तू पत्र लिहिलंस. त्यामुळे इथे थोडी थांबते.

त्याचं नाव न घेणं हा मार्ग नाही. रोज संध्याकाळी तो तुझ्यासाठी बसला हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाकी दोघांची नावं आली आणि त्याचं गाळलं तर ते त्याला आणि इतरांनाही लगेच जाणवेल. नाव घेऊन सांत्वन करणं त्याहून वाईट. 'तो यावेळी थोडक्यात राहिला, पण पुढच्या वेळी नक्की पास होईल' असं म्हणालीस की सगळं सभागृह मान वळवून त्याच्याकडे बघणार, आणि तुझ्या आनंदाच्या कार्यक्रमात त्याच्या निकालाची घोषणा झालेली असणार. निकालाचा उल्लेखच नको. त्याने काय केलं तेवढं सांग, बाकी दोघांबद्दल ज्या सुरात बोलशील त्याच सुरात.

दुसरं असं की हे वाक्य त्याने पहिल्यांदा सभागृहात ऐकता कामा नये. आदल्या दिवशी त्याला फोन कर आणि वाक्य शब्दशः वाचून दाखव. 'तुझ्याबद्दल काहीतरी बोलणार आहे' एवढंच सांगितलंस तर तो रात्रभर काळजी करेल. वाक्य ऐकून तो 'चालेल' म्हणाला तर प्रश्न मिटला. त्याने आढेवेढे घेतले तर त्याला पटवत बसू नकोस. 'आम्ही चौघं रोज संध्याकाळी एकमेकांना कोड पाठवायचो' असं सगळ्यांचं मिळून वाक्य कर आणि पुढे जा.

एक नाजूक गोष्ट सांगते. पाठवणं आणि घेणं या मोर्समध्ये दोन वेगळ्या कला आहेत. जो रोज कीवर, म्हणजे कोड पाठवायच्या खटक्यावर, बसून दुसऱ्याला पाठवतो त्याचा हात तयार होतो, कानाचा सराव तेवढा होत नाही. तुझ्या मनात आलं असेल, किंवा हे वाचताना येईल, की आपल्याला शिकवण्यात त्याचा स्वतःचा सराव राहिला. खरं असेलही. पण ते भाषणात आणायचं नाही, ओझरतंही नाही. ते सगळ्यांसमोर म्हटलं की त्याच्या मेहनतीला त्यागाचा रंग येतो आणि त्याच्या अपयशाचं कारण परस्पर जाहीर होतं. हे त्याला एकट्याला सांग आणि सांगतानाच विचार की आता संध्याकाळी मी कीवर बसू का आणि तू लिहून घेशील का? त्याला त्याचा खरा उपयोग होईल.

आता काही बारीक जागा, जिथे तुझ्या शिक्षकांच्या कानांना खटकेल. तू परीक्षा पास झाली आहेस, पण परवाना आणि कॉल साइन, म्हणजे तुझी हवेवरची ओळख, हातात आल्याशिवाय स्वतःच्या नावाने हवेवर बोलता येत नाही. तेव्हा 'आजपासून मी हॅम झाले' असं उत्साहात म्हणू नकोस, 'परीक्षा पास झाले' म्हण. 'सरांनी सांगितलेलेच प्रश्न आले' हे वाक्यही टाळ. तू कौतुक म्हणून बोलशील, पण ऐकणाऱ्याला वाटेल की सरांनी प्रश्न फोडले. आणि शेवटी ७३ म्हणायचा मोह होणारच, तो व्हावाही, फक्त 'सेव्हन्टी थ्रीज' म्हणू नकोस. तारयंत्राच्या काळापासून ७३ या आकड्याचाच अर्थ 'शुभेच्छा' असा आहे, त्याला पुन्हा अनेकवचन लावलं की जुने ऑपरेटर हमखास टोकतात. समोर घरची माणसंही असतील, म्हणून अर्थ एका शब्दात सांगून टाक.

सरांच्या छतावरच्या प्रसंगाला खालच्या मसुद्यात मी तीन वाक्यं दिली आहेत. चौदा मेगाहर्ट्झच्या आसपासच्या डायपोलची, म्हणजे साध्या तारेच्या अँटेनाची, तार वहीतल्या गणिताने, म्हणजे दीडशेला १४.२ ने भागून, साडेदहा मीटर येते. प्रत्यक्षात ती पाचेक टक्के आखूड लागते आणि दहा मीटरच्या जवळ जुळते. म्हणूनच तार आधी लांब ठेवून थोडी थोडी कापत जायची असते. तुमच्या तारेची लांबी वेगळी असेल तर तुझे आकडे घाल. चुकीचा आकडा सरांच्या लगेच लक्षात येईल आणि मग त्यांचं लक्ष तुझ्या आभारांवर राहणार नाही.

हा घे मसुदा. कंसात जे आहे ते तुझं तू भर. मॅडम तेव्हा नेमकं काय म्हणाल्या ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी त्यांच्या तोंडी वाक्य घालणार नाही. राग आल्याचं वाक्य माझा अंदाज आहे. आला नसेल तर खोडून टाक.

*सर, मॅडम आणि मित्रांनो, नमस्कार.*

*डा-डा-डि-डा. (थांब.) डा-डि-डा-डा.*

*पहिलं अक्षर क्यू, दुसरं वाय. दोन्हींत तीन रेघा आणि एक टिंब. वर्ग सुरू झाला तेव्हा मी तक्ता समोर ठेवून टिंबं-रेघा मोजायचे, आणि क्यू आला की बेधडक वाय लिहायचे. मॅडम, पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासमोरचा तक्ता उचललात आणि म्हणालात, (मॅडमचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत). मला तुमचा राग आला होता. तक्ता गेल्यावर मला काही दिवस काहीच ओळखू येईना. मग एके दिवशी क्यू आला आणि मी न मोजता क्यू लिहिला. परीक्षेतही मी काही मोजलं नाही. मॅडम, तो तक्ता तुमच्याकडेच राहू द्या.*

*सर, अँटेनाची तार वहीत साडेदहा मीटर येत होती. तुम्ही आम्हाला छतावर नेलंत, थोडी थोडी कापायला लावलीत, आणि दहाच्या जवळ आल्यावर ती जुळली. आता अँटेनाचं गणित करताना मला दरवेळी ती तार दिसते.*

*(मित्राचं नाव), तू रोज संध्याकाळी माझ्यासाठी कीवर बसलास. मला अंदाजाने शब्द ओळखता येऊ नयेत म्हणून तू अर्थ नसलेले पाच-पाच अक्षरांचे गट पाठवायचास. माझा कान तुझ्या हाताने तयार झाला.*

*(दुसरं नाव), तू (एक क्रियापद). (तिसरं नाव), तू (एक क्रियापद).*

*माझी कॉल साइन अजून यायची आहे. ती आली की मॅडम, पहिला कॉल तुम्हाला. तोवर तोंडानेच सगळ्यांना ७३, म्हणजे शुभेच्छा.*

रिकाम्या जागा भरून हे मोठ्याने वाच. अडीच मिनिटांच्या आत संपायला हवं. पाच-पाच अक्षरांचे गट तुम्ही वापरत नसाल तर तो जे पाठवायचा ते लिही. मी ते गृहीत धरलं, कारण सरावाला साधारण तसंच पाठवतात. शेवटी 'कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व' जोडू नकोस. त्या वाक्याने ज्याचं राहिलं त्यालाच तेवढं जाणवतं.

कागद बघून बोललं तर बेलाशक चालेल. पाठ केलेलं भाषण मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, कागदावरचं तसं तुटत नाही. फक्त अक्षर मोठं काढ, कागदाच्या एकाच बाजूला लिही, आणि प्रत्येकाचं नाव ओळीच्या सुरुवातीला येऊ दे. नाव घेताना मान वर करून त्या माणसाकडे बघ आणि मग खाली बघून पुढचं वाच. हे क्रमाने जमलं तर कागद हातात आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

घरी वाचताना गळा कुठे दाटतो तेही बघ. बहुतेक तो मित्राच्या परिच्छेदात दाटेल. जिथे दाटेल ते वाक्य आणखी छोटं कर, कारण लांब वाक्य अर्ध्यात अडकलं की सावरणं अवघड जातं. तिथे कागदावर एक उभी रेघ मार आणि रेघेपाशी मुद्दाम थांब, श्वास घे. माणसं थांबतात तुझ्यासाठी, घाई करू नकोस.

शेवटची तालीम अशा कुणासमोर कर ज्याला मोर्समधलं काहीही कळत नाही. भाषण संपलं की 'कसं झालं' विचारू नकोस, 'मॅडमनी काय केलं' हे विचार. समोरचा म्हणाला की 'त्यांनी तक्ता काढून घेतला, कारण ही मोजत बसायची', तर कागदाची घडी घाल आणि निर्धास्त जा. नुसतं 'छान होतं' म्हणाला, तर तक्त्याचा परिच्छेद पुन्हा काढ आणि त्यातलं एक वाक्य आणखी सोपं कर.

तुझी,
ताई